आठ टक्क्यांचा कॅपिटल गेन बाँड: मुलुंडच्या एका व्यवहारात 40 लाख कसे गेले

मुलुंड पूर्वेच्या एका निवृत्त जोडप्याच्या बाबतीत घडलेला हा प्रकार आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि आकडे सोयीसाठी गोळाबेरीज केले आहेत. तपशिलात लिहायचं कारण असं की यातली एकेक खोटी गोष्ट पैसे भरण्याआधीच पकडता आली असती, आणि त्यासाठी सीए असण्याची गरज नव्हती.

फ्लॅट 1998 साली घेतलेला. 12 सप्टेंबर 2024 रोजी तो 1 कोटी 40 लाखांना विकला आणि त्याच दिवशी रजिस्ट्रेशन झालं. 2001 पूर्वी घेतलेल्या घरासाठी 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत हीच खरेदी किंमत धरता येते, फक्त ती त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त असून चालत नाही. इथे ती 12 लाख निघाली, म्हणजे नफा 1 कोटी 28 लाख.

23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला 12.5 टक्के कर आहे आणि इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं, नाही. त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयाला 20 टक्के, इंडेक्सेशनसह, असा हिशेब तपासून पाहता येतो आणि ज्यात कर कमी बसेल तो भरता येतो. इथे 12 लाखांना 363 चा निर्देशांक लावला तर 43.56 लाख होतात, उरलेल्या 96.44 लाखांवर 20 टक्के म्हणजे साधारण 19.29 लाख. सरळ 12.5 टक्क्यांनी 16 लाख. म्हणजे 12.5 टक्क्यांचा मार्गच स्वस्त. नफा नव्या घरात किंवा ठरावीक बाँडमध्ये गुंतवला तर या करातून सूट मिळते, आणि बरेच जण इथे एक चूक करतात. इंडेक्सेशनने नफा 96 लाखच दिसतोय तर तेवढेच गुंतवू, असं त्यांना वाटतं. पण ती तुलना फक्त कर किती बसेल एवढ्यापुरती आहे. सूट पूर्ण हवी असेल तर 1 कोटी 28 लाख गुंतवावे लागतात.

या जोडप्याची योजना बरोबर होती. डोंबिवलीत तयार फ्लॅट, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून 88 लाखांचा, डिसेंबर 2024 मध्ये नावावर झाला. जुन्या घराच्या विक्रीनंतर दोन वर्षांत नवं घर घेतलं की कलम 54 ची सूट मिळते, त्यामुळे तो भाग निकालात निघाला. उरले 40 लाख. ते कलम 54ईसीच्या, म्हणजे कॅपिटल गेन बाँडमध्ये टाकायचे होते. या बाँडची मर्यादा 50 लाख आहे आणि मुदत विक्रीच्या तारखेपासून सहा महिने, म्हणजे 12 मार्च 2025 पर्यंत. (1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदलले आहेत. हा व्यवहार जुन्या कायद्यातला, म्हणून जुनेच क्रमांक वापरले आहेत.)

फेब्रुवारीच्या शेवटी सोसायटीतल्याच एकाच्या ओळखीने एजंट घरी आला. "काका, बँकेत गेलात तर सव्वापाच टक्केच मिळतील. माझ्याकडे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा स्पेशल कोटा आहे. आठ टक्के, व्याज दर महिन्याला, आणि तीन वर्षांत पैसे मोकळे." सोबत छापील अर्ज होता, त्यावर लोगो, खाली बाँडची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारचं नाव. 3 मार्चला 40 लाखांचा आरटीजीएस झाला. खातं महामार्ग प्राधिकरणाचं नव्हतं. एका खासगी फर्मचं चालू खातं होतं, आणि फर्मच्या नावात मुद्दाम 'बाँड कलेक्शन' हे शब्द घातलेले होते.

एजंटच्या त्या तीन वाक्यांत तीन खोट्या गोष्टी होत्या. महामार्ग प्राधिकरणाचे 54ईसी बाँड एकेकाळी खरोखर मिळायचे, त्यामुळे साठी ओलांडलेल्या लोकांना ते नाव ओळखीचं असतं. पण 2022 पासून ते बंद आहेत. मार्च 2025 मध्ये हे बाँड आरईसी, पीएफसी आणि आयआरएफसी या तीन सरकारी संस्थांचेच होते, त्यानंतर 2025 मध्येच हुडको आणि इरेडा यांची भर पडली. तीन वर्षांचं कुलूप हाही जुनाच नियम. एप्रिल 2018 पासून मुदत पाच वर्षं आहे. म्हणजे छापील अर्ज बहुधा खराच होता, फक्त सात-आठ वर्षांपूर्वीचा, आणि फसवणाऱ्याने मजकूर बदलायची तसदीही घेतली नव्हती.

तिसरी गोष्ट व्याजाची, आणि लोक गळाला लागतात ते इथेच. त्या काळात तिन्ही संस्थांचा दर सव्वापाच टक्के होता आणि व्याज वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला जमा व्हायचं. 40 लाखांवर वर्षाला 2 लाख 10 हजार, तेही करपात्र. दर इतका कमी असतो कारण गुंतवणूकदार खरा फायदा करसवलतीतून घेत असतो आणि संस्थेला ते ठाऊक असतं. सगळ्यांना एकच दर मिळतो, कुणाचा कोटा वगैरे काही नसतं. महिन्याला व्याज देणारा 54ईसी बाँडच नाही. तरीही एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत खात्यात दरमहा 26,666 रुपये येत राहिले. 40 लाखांतले सव्वा लाखाच्या आतलेच पैसे परत करून एजंटने चार महिन्यांची शांतता विकत घेतली. पैसे येताहेत म्हटल्यावर सर्टिफिकेट नीट वाचणार कोण?

ऑगस्टमध्ये रिटर्न भरताना सीएने बाँडची तारीख आणि रक्कम मागितली, कारण सूट मागायची तर कॅपिटल गेनच्या परिशिष्टात ती लिहावी लागते. पीडीएफ सर्टिफिकेट पाहून त्याने आधी एआयएस, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडचं करदात्याच्या व्यवहारांचं वार्षिक विवरण, उघडलं. कोणत्याही संस्थेकडून वर्षात 10 लाख किंवा त्याहून जास्तीचे बाँड घेतले की ती संस्था त्याची माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते आणि ती एआयएसमध्ये उमटते. इथे घराची विक्री दिसत होती, खरेदीदाराने कापलेला 1 टक्का म्हणजे 1 लाख 40 हजारांचा टीडीएस दिसत होता, डोंबिवलीचा फ्लॅट दिसत होता. बाँडचा मात्र पत्ता नव्हता. रजिस्ट्रारकडे फोलिओ नंबर विचारला तर तसा फोलिओच अस्तित्वात नव्हता.

तोवर सहा महिन्यांची मुदत पाच महिन्यांपूर्वी संपली होती. फसवणूक झाली म्हणून ती मुदत वाढवून मिळण्याची तरतूद कायद्यात नाही, आणि भामट्याच्या खात्यात गेलेला पैसा 'ठरावीक बाँडमधली गुंतवणूक' ठरत नाही. त्यामुळे 40 लाखांवर 12.5 टक्के म्हणजे 5 लाख आणि त्यावर 4 टक्के सेस, असा 5 लाख 20 हजारांचा कर उभा राहिला. टीडीएसचे 1 लाख 40 हजार वजा जाऊन उरलेले खिशातून भरावे लागले. ज्येष्ठ नागरिकाला धंद्याचं उत्पन्न नसेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागत नाही आणि रिटर्नही वेळेत गेलं, म्हणून निदान व्याज चढलं नाही. एवढाच दिलासा.

आश्चर्य म्हणजे एजंट अजून फोन उचलत होता. "सर्टिफिकेट लावून सूट मागा, कोण विचारतंय?" असा सल्ला त्याने दिला. विचारतात, कारण विक्रीची नोंद खात्याकडे असते आणि बाँडची नसते. खोट्या कागदावर मागितलेली सूट नाकारली गेली तर ते चुकीची माहिती देणं ठरतं आणि दंड चुकवलेल्या कराच्या दोनशे टक्क्यांपर्यंत जातो. इथे तो 10 लाख 40 हजार झाला असता.

एक वाट कागदावर तरी शिल्लक होती. नफा 2 कोटींच्या आत असेल तर कलम 54 खाली आयुष्यात एकदा दोन घरं घेता येतात. त्या वर्षी रिटर्नची तारीख 31 जुलैवरून 15 सप्टेंबर 2025 पर्यंत वाढली होती. तोपर्यंत 40 लाख कॅपिटल गेन अकाउंट स्कीमच्या खात्यात भरून सप्टेंबर 2026 च्या आत दुसरं छोटं घर घेतलं असतं, तर सूट टिकवता आली असती. विक्रीचाच तो पैसा असावा अशी अट नाही, दुसरीकडून उभा केलेलाही चालतो. पण या दोघांकडे टीडीएस कापून विक्रीतले साडेदहा लाखच उरले होते. ज्याच्याकडे दुसरा पैसा आहे त्याने ही तारीख हातची जाऊ देऊ नये.

बाँड घेताना खरं तर फार काही करावं लागत नाही. अर्ज संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढायचा. पैसे कुठे भरायचे ते त्याच अर्जावर छापलेलं असतं, आणि खातं त्या संस्थेच्या नावाचं असतं. आरटीजीएस करताना बँकेच्या माणसाला लाभार्थ्याचं नाव मोठ्याने वाचायला सांगायचं. तिथे एजंटची फर्म, 'कलेक्शन', 'सर्व्हिसेस' असलं काही ऐकू आलं तर स्लिप परत घ्यायची. अर्जावर आरटीजीएसचा यूटीआर क्रमांक लिहायचा, सोबत पॅन आणि रद्द केलेला चेक जोडायचा. दर बाँड 10 हजारांचा, त्यामुळे 40 लाखांचे 400 बाँड होतात. मध्यस्थाला दलाली संस्था देते, तुम्ही वेगळं काही द्यायचं नसतं.

बाँड डीमॅटमध्येच मागवा. वाटप झालं की ते एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये दिसतात, तिथे खोटं सर्टिफिकेट चालत नाही. आणि शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. हा एजंट मुदत संपायला दोन आठवडे असताना आला हा योगायोग नव्हता. चौथ्या महिन्यात खोटं बाहेर पडलं असतं तर निदान करसवलतीसाठी दोन महिने हातात राहिले असते.

तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात झाली आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवरही नोंदवली. 1930 चा उपयोग पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत होतो, तेव्हा पुढच्या खात्यात रक्कम रोखता येते. इथे पाच महिन्यांनी बँकेने उतारा दिला, तेव्हा 3 मार्चला आलेले 40 लाख 5 मार्चपर्यंत सहा खात्यांत पांगलेले दिसले.