वारले, कामावरून कमी केलं, दिव्यांग: कुठे कुठला शब्द घ्यायचा

माझ्याकडे भाषांतराला बहुतेक कंपन्यांच्या नोटिसा आणि फॉर्म येतात, आणि त्यात पास्ड अवे, लेट गो, डिफरन्टली एबल्ड ही मंडळी हमखास असतात. मैत्रीण आता एका ऑफिसात एचआरला लागलीय, तिने विचारलं की यांना मराठीत काय लिहू म्हणजे टोचणार नाही. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी मरणाचं बघू. 'वारले' आणि 'गेले' दोन्ही मऊ आहेत, पण 'गेले'ला संदर्भ लागतो. समोरासमोर, पडलेल्या आवाजात 'बाबा गेले' म्हटलं तर कोणी कुठे असं विचारत नाही, पण तेच व्हॉट्सॲपवर नुसतं 'काका गेले' टाकलं की 'कधी निघाले? पोचले का?' असा रिप्लाय येऊ शकतो. 'वारले'चा दुसरा अर्थच निघत नाही, म्हणून फोनवर आणि मेसेजमध्ये मी तोच घेईन, आणि नोटीस असेल तर 'यांचं निधन झालं'. नावाआधी 'कै.' लावायची सवय असते, पण कैलासवासी हा शब्द हिंदू घरातला, ख्रिश्चन माणसाला ख्रिस्तवासी आणि मुसलमान माणसाला पैगंबरवासी लिहायची पद्धत आहे, त्यामुळे ऑफिसच्या कॉमन नोटिशीत 'दिवंगत' बरं.

सगळ्यात वाईट म्हणजे आपलं लाडकं 'सिरियस आहे, ताबडतोब निघ'. आमच्याच घरात हे झालंय. मामा दुपारीच वारले होते, पण भावाला एवढंच सांगितलं की सिरियस आहेत, म्हणजे रस्त्यात एकटा असताना त्याला धक्का नको. तो रात्रभर ट्रॅव्हल्सने आला आणि थेट हॉस्पिटलात जाऊन आयसीयूबाहेर उभा राहिला, आणि इकडे घरी सगळे त्याच्यासाठी खोळंबलेले, शेवटी त्याला ते रिसेप्शनवरच्या मुलीकडून कळलं. 'वारले, तू सावकाश ये, तू आल्याशिवाय काही करणार नाही' एवढं म्हटलं असतं तर तेच जास्त मऊ झालं असतं.

तशी शब्द फिरवायची मराठीला जुनीच सवय आहे, बांगडी फुटत नाही, 'वाढते', दुकानसुद्धा बंद करत नाहीत, 'वाढवतात', आणि निघताना 'येतो' म्हणतात. पण तिथे कोणी गोंधळत नाही कारण पलीकडच्यालाही ते लहानपणापासून माहीत असतं. घोळ होतो तो नवीन बनवलेल्या शब्दांनी.

लेट गोचं तसंच. 'जाऊ दिलं' लिहिलं तर त्याने स्वतः सुट्टी मागितली आणि ती मिळाली असं वाटतं. 'नारळ दिला' बोलायला ठीक, पत्रात नाही. एका पत्रात मी 'आपणांस अमुक तारखेपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे' असं लिहिलं, भारदस्त वाटलं म्हणून, आणि तो माणूस सोमवारी विचारायला आला की मला आता कुठल्या डिपार्टमेंटला पाठवलंय. त्याची चूक नव्हती, सरकारी खात्यात बदली झाली की जुन्या जागेवरून कार्यमुक्तच करतात, आणि त्याचे वडील सरकारी नोकरीत होते. आता मी 'पद रद्द झाल्यामुळे आपल्याला कामावरून कमी करण्यात येत आहे, आपला शेवटचा दिवस अमुक' असं लिहितो. 'कमी करणे' मऊ आहे, कामगारांच्या तोंडचं आहे आणि त्यात माणसाचा दोष येत नाही. 'बडतर्फ' मात्र चुकूनही नको, ती शिक्षा असते, आणि कपात वेगळी, शिक्षा वेगळी, पुढच्या नोकरीत आणि हिशोबात दोन्हींचा फरक पडतो.

दिव्यांगचं जरा अवघड आहे. 2015 च्या शेवटी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये विकलांगऐवजी हा शब्द सुचवला, 2016 च्या कायद्याच्या हिंदी नावात 'दिव्यांगजन' आला आणि आता महाराष्ट्र सरकारचा विभागही दिव्यांग कल्याण विभाग आहे. म्हणजे योजना, सर्टिफिकेट, आरक्षण असेल तिथे हाच शब्द लिहा, नाहीतर वाचणारा चुकीच्या खिडकीपाशी जाईल. पण चळवळीतल्या बऱ्याच जणांना तो आवडत नाही, त्यांचं म्हणणं की अंगात दिव्य काही नाहीये, आम्हाला जिना चढता येत नाही आणि तुम्ही रॅम्प बांधत नाही. ते स्वतः 'अपंग' म्हणत असतील तर तुम्हीही म्हणा, किंवा 'अपंगत्व असलेली व्यक्ती'. 'विशेष' आणि 'वेगळ्या क्षमतेचे' मी टाळतो, त्यातून कुणाला नेमकं काय लागतं ते कळतच नाही.

मैत्रिणीच्या फॉर्ममध्ये 'आपण वेगळ्या क्षमतेचे आहात का?' असा प्रश्न होता, आणि एकाने तिथे 'हो, एक्सेल चांगलं येतं' लिहिलं होतं. तिथे आता 'आपल्याला दिसायला, ऐकायला किंवा चालायला अडचण आहे का? असल्यास ऑफिसात कोणती सोय लागेल?' असं आहे.