ड्रिपचं हेपरिन की पोटातलं इंजेक्शन? वॉरफेरिन लागू पडेपर्यंतची निवड

पायाच्या शिरेत गुठळी झाली आणि वॉरफेरिन द्यायचं ठरलं, की सुरुवातीचे काही दिवस सोबत हेपरिन लागतंच. प्रश्न उरतो तो कोणतं हेपरिन, एवढाच. साधं हेपरिन ड्रिपमधून द्यावं की एनॉक्सापॅरिन त्वचेखाली? पुण्यातल्या वॉर्डांमध्ये मी दोन्ही वापरली आहेत. परीक्षेत दोन्ही बाजू नीट लिहा. माझा कल कुठे आहे, ते पुढे कळेलच.

उदाहरणाला हडपसरचे एक काका घेऊ. वय साठीच्या आसपास, वजन ६० किलो, डाव्या मांडीच्या शिरेत गुठळी, क्रिएटिनिन नॉर्मल. ड्रिप निवडली तर आधी किलोला ८० युनिट्स, म्हणजे ४८०० युनिट्सचा बोलस. मग तासाला किलोमागे १८, म्हणजे १०८० युनिट्स. ५०० मिलिलिटरमध्ये २५,००० युनिट्स घातली असतील, तर पंप तासाला २१.६ मिलिलिटरवर लावायचा. सहा तासांनी एपीटीटी करायची आणि डोस बदलला की सहा तासांनी पुन्हा. ती कंट्रोलच्या साधारण दीड ते अडीच पट हवी, पण नेमकी मर्यादा आपापल्या लॅबला विचारलेली बरी.

मला या पद्धतीत खटकतं ते इथेच. रात्री दोनचा नमुना घाईत, ड्रिप चालू असलेल्या हातातूनच घेतला जातो. हे मी वेगवेगळ्या वॉर्डांत इतक्यांदा पाहिलं आहे, की एपीटीटी अचानक १२० सेकंदांच्या वर गेली की माझा पहिला प्रश्न असतो, 'रक्त कुठल्या हातातून घेतलं?' नेहमीच्या तक्त्याप्रमाणे इतक्या आकड्याला ड्रिप तासभर बंद करून वेग तासाला किलोमागे ३ युनिट्सनी कमी करतात. नमुन्यात ड्रिपचंच हेपरिन मिसळलेलं असेल, तर काकांना गरजेपेक्षा कमी औषध जातं आणि गुठळी वाढायला वाट मिळते. निळ्या टोपणाची ट्यूब अर्धवट भरली तर सायट्रेट प्रमाणाबाहेर होतं आणि आकडा असाच खोटा वाढतो. नमुना तासन्‌तास पडून राहिला तर उलट होतं. प्लेटलेट्समधून सुटलेला घटक हेपरिनला निष्प्रभ करतो आणि आकडा खोटा कमी दिसतो. रक्तस्राव नसेल आणि आकडा पेशंटशी जुळत नसेल, तर दुसऱ्या हातातून ताजा, पूर्ण भरलेला नमुना घ्या, मगच पंपाला हात लावा.

एनॉक्सापॅरिनमध्ये ही सगळी यातायात वाचते. काकांना किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. एपीटीटीवर याचा परिणाम भरवशाने दिसत नाही, म्हणून ती करतही नाहीत. अँटी-टेन-ए चाचणी मोजक्याच पेशंटना लागते. प्लेटलेट्स मात्र दोन्हीकडे पाहायच्या. हेपरिनमुळे त्या घसरणं सहसा पाचव्या ते दहाव्या दिवसात दिसतं. काकांच्या सूनबाईंना एकदा दाखवलं की इंजेक्शन घरीही देता येतं: बेंबीपासून चार बोटं दूर, कातडीची घडी धरून, आणि नंतर चोळायचं नाही.

वॉरफेरिन पहिल्याच दिवशी संध्याकाळी ५ मिलिग्रॅम सुरू. तिसऱ्या दिवशी आयएनआर २.१ आला की घरचे विचारतात, 'डॉक्टर, आता सुया बंद ना?' नाही. फॅक्टर सातचं अर्धायुष्य जेमतेम सहा तासांचं, म्हणून तो आधी उतरतो आणि आकडा वाढतो. प्रोथ्रॉम्बिन उतरायला काही दिवस लागतात, आणि प्रोटीन सी लवकर घटल्याने या काळात गुठळीची शक्यता उलट वाढू शकते. म्हणून दोन्ही औषधं किमान पाच दिवस सोबत, आणि आयएनआर २ किंवा वर निदान २४ तास टिकायला हवा. काकांचा पाचव्या दिवशी २.३ आणि सहाव्या दिवशी २.५ आला, तर इंजेक्शन थांबवता येतं.

काकांना सांगताना मी मेथी-पालक बंद करायला सांगत नाही. 'आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडूही नका,' एवढंच. अळूचं फतफतंही त्यातच आलं. गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी, म्हणजे सकाळच्या आयएनआरप्रमाणे त्याच दिवशी डोस बदलता येतो. चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. गुडघा दुखला तरी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणायचं नाही, आणि जुलाबावर कोणी मेट्रोनिडाझोल दिलं तर आधी मला कळवायचं. शौच डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात.

ड्रिपची बाजू कमकुवत आहे असं नाही. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल किंवा तातडीच्या ऑपरेशनची शक्यता असेल, तर मीही ड्रिपच लावतो. ती बंद केली की काही तासांत असर जातो, आणि प्रोटामिनने पूर्ण उलटवता येते. एनॉक्सापॅरिन त्याने अर्धवटच उलटतं. अशा वेळी केसपेपरवर ठळक लिहून ठेवतो: ड्रिप डाव्या हाताला, नमुना फक्त उजव्या हातातून.