काळ्या कपड्यांवरचे पांढरे ओघळ आणि ‘एक्स्ट्रा रिन्स’चं बटण: फ्रंट लोड मशीन वर्षभर वापरल्यावर

गेल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर आम्ही सात किलोचं फ्रंट लोड मशीन घेतलं. आम्ही फोंड्याला राहतो. नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं, नळ गेला की घरची विहीर आहे. मशीन धुतं चांगलं आणि आवाजही फार करत नाही, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते काळ्या कपड्यांबद्दल. धाकटे भावोजी पणजीच्या एका हॉटेलात कामाला आहेत. त्यांची काळी पँट आणि जाकीट एक दिवसाआड धुवावं लागतं. पहिल्याच महिन्यात ते पँट हातात घेऊन म्हणाले, “वहिनी, ही घालून गिऱ्हाइकासमोर उभं राहता येत नाही.” खिशाच्या तोंडाशी, कमरपट्ट्याच्या खाली आणि पायाच्या दुमडीत पांढरट रेघा आल्या होत्या.

अशी रेघ दिसली की आधी ती कशाची आहे हे बघावं. ओल्या बोटाने चोळून बघितलं की बरंच कळतं. रेघ लगेच विरघळली आणि बोटाला बुळबुळीत लागलं, तर ती साबणाची. विरघळली, पण बुळबुळीतपणा अजिबात नाही, तर पाण्यातला खार असू शकतो. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात खारट होतात, तिथे हे शक्य आहे आणि त्याच पाण्यात पुन्हा कितीही खळबळलं तरी उपयोग नाही. पाण्याने जातच नाही आणि तेलकट डागासारखं दिसतं, ते बहुतेक सॉफ्टनरचं. आमच्या पँटवरच्या रेघा बोटाखाली लगेच गेल्या, बोट बुळबुळीत झालं. म्हणजे साबणच.

पावडर मी पाकिटावर लिहिलं होतं तेवढीच घालत होते. पण ते माप सगळीकडच्या पाण्याला धरून दिलेलं असतं. जड पाण्यात साबणाचा काही भाग पाण्यातल्या क्षारांशी झुंजण्यातच खर्च होतो, म्हणून तिथे माप मोठं लागतं. आपल्याकडे जांभ्या दगडातून झिरपलेलं विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं आणि आमच्या नळाचंही तसंच आहे. अशा पाण्यात तेवढ्याच पावडरीला भरपूर फेस येतो आणि तो लवकर निघत नाही. त्यात फ्रंट लोड मशीन पाणी कमी घेतं. कपडे पाण्यात बुडून खळबळत नाहीत, थोड्या पाण्यात उचलून आपटले जातात. फेस जास्त झाला की आपटण्याचा जोर तोच खातो. पाणी काढतानाही पंपात फेस अडकतो, मग ड्रमला पिळताना पूर्ण वेग घेता येत नाही आणि कपडे बाहेर येतात ते जड, ओले. हे उरलेलं साबणाचं पाणी पावसाळ्यात पडवीतल्या दोरीवर सावकाश खाली उतरतं आणि शिवणीत, काठाशी साचून वाळतं. काळ्या कपड्यावर ते दिसतं. पांढऱ्या कपड्यावरही असतंच, फक्त नजरेला येत नाही.

मग मी एक प्रयोग केला. दोन काळ्या पँट, जाकीट आणि दोन गडद टी-शर्ट एवढाच भार, पाणी तीस अंशाचं. एकदा पावडरीचं पूर्ण माप घातलं, पुढच्या वेळी अर्ध. पूर्ण मापाच्या वेळी शेवटच्या खळबळण्यातही दाराच्या काचेवर फेसाची दाट कड राहिली. ‘बारा मिनिटं शिल्लक’ दाखवणारं घड्याळ तिथेच अडकलं आणि मग उलट वाढलं, कारण फेस जाणवला की मशीन स्वतःहून पाणी काढून पुन्हा घेतं. पँट काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत पिळली तर पाणी दुधट झालं आणि वर फेस तरंगला. अर्ध्या मापाच्या वेळी काचेवर चार-दोन बुडबुडे, घड्याळ सरळ चाललं आणि बादलीतलं पाणी जवळपास स्वच्छ. धुण्यात काहीही फरक नाही, कॉलरचा मळ दोन्ही वेळा निघाला. तेव्हापासून काळ्या कपड्यांना अर्धंच माप.

एवढं करून ज्यादा खळबळणं, म्हणजे ‘एक्स्ट्रा रिन्स’, कधी लागतं, ते आता काच बघूनच ठरवते. शेवटच्या खळबळण्यात काचेवर फेसाची कड दिसली तर बटण हवंच. जीन्स, जाकीट, दुहेरी कापडाचे कमरपट्टे असलेल्या पँट एकत्र असल्या की फेस नसला तरी दाबते, कारण जाड शिवणीतलं पाणी एका खळबळण्यात बदलत नाही. ड्रम ठासून भरला असेल तरी दाबावं. पाऊस दोन दिवस उघडला की सगळं घर एकदम कपडे आणून टाकतं, तेव्हा हेच होतं. वरून पालथा हात जाईल एवढी जागा राहायला हवी. ती नसेल तर बटणापेक्षा दोन खेपा करणं बरं. पातळ सिंथेटिक कपडे, अर्धं माप आणि काच स्वच्छ असेल तर मात्र बटणाची काही गरज नाही. उगाच पाणी जातं.

पाणी किती जातं तेही बघितलं. आउटलेटचा पाइप बादलीत सोडला, तर एका खळबळण्याला मोठी बादली भरून वर थोडं येतं. पावसाळ्यात त्याचं काही वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये नळ एक वेळ येतो तेव्हा वाटतं, म्हणून तेव्हा ते पाणी पडवी धुवायला ठेवते.

एका दोषावर मात्र हे बटण अजिबात चालत नाही, तो म्हणजे न विरघळलेली पावडर. जून-जुलैत डबा नीट बंद नसेल तर पावडरीच्या गुठळ्या होतात. त्या ड्रॉवरमध्ये ओल्या चिकटतात आणि नंतर पाण्याबरोबर निसटून थेट कपड्यात जातात. ओघळ असेल तर रेघ लांब आणि पातळ असते. गुठळीचा मात्र एकाच जागी जाडसर ठिपका असतो, नखाला खरखरीत लागतो, कपडा झटकला की भुकटी पडते. यावर उपाय आधीच करायला हवा. पावडर मगभर कोमट पाण्यात ढवळून ड्रॉवरमध्ये ओतावी, किंवा काळ्या कपड्यांसाठी लिक्विडच घ्यावं. पावसाळ्यात मी लिक्विड वापरते, थोडं महाग पडतं, पण थंड पाण्यातही विरघळतं. पंधरा मिनिटांचं क्विक वॉश पावडरीसोबत काळ्या कपड्यांना लावूच नये. एवढ्या वेळात ती नीट विरघळत नाही आणि खळबळणंही कमी होतं.

वाळलेल्या कपड्यावर ओघळ आलेच असतील तर पुन्हा साबण घालू नका. तेवढेच कपडे ड्रममध्ये टाकून नुसतं ‘रिन्स + स्पिन’ लावा. पहिल्या खेपेला काचेवर फेस दिसेल, तो दिसेनासा होईपर्यंत चालवा. भावोजींचं जाकीट दुसऱ्या खेपेला स्वच्छ झालं.

मशीनबद्दल माझी तक्रार एवढीच की एक्स्ट्रा रिन्सची निवड लक्षात राहत नाही, दर वेळी नव्याने दाबावी लागते. आणि क्विक वॉश लावलं की ते बटण चालतच नाही. घ्यायच्या आधी दुकानात या दोन्ही गोष्टी चालू मशीनवर करून बघा, नुसत्या पॅनेलवर बटण दिसतं म्हणून भरवसा ठेवू नका.