कंठ दाटला तर: थांबा मागणारी ओळ की पुढे नेणारी?

शोकसभेत बोलायचं ठरलं की भाषण लिहून होतं, पण कंठ दाटून आला तर काय म्हणायचं, हे कुणी लिहून ठेवत नाही. मग ऐन वेळी तोंडातून 'सॉरी, सॉरी' निघतं आणि समोरचे श्रद्धांजली ऐकायची सोडून वक्त्याची काळजी करू लागतात. अशा क्षणासाठी दोन प्रकारच्या ओळी लिहून ठेवता येतात. एक ओळ उघडपणे थांबा मागते: 'मला एक मिनिट द्या.' दुसरी भाषणाचाच भाग वाटते आणि पुढे नेते: 'बाबा मूळचे शिक्षक.' तुम्हाला यातली कोणती हवी, हे आवाज कुठे आणि किती अडतो यावर ठरतं.

आधी घशात काय होतं ते पाहू. भावना उचंबळल्या की शरीर जास्त हवा आत घेण्यासाठी स्वरयंत्राची वाट मोकळी ठेवू पाहतं. बोलताना आणि गिळताना मात्र ती वाट मिटावी लागते. या ओढाताणीतून घशात गोळा आल्यासारखं वाटतं. श्वास वरच्या वर, तुटक होतो आणि आवाज चढून चिरकतो. अशा वेळी लांब वाक्य पेलत नाही. दोन्ही प्रकारची ओळ म्हणूनच तीन-चार शब्दांची हवी, एका श्वासात संपणारी.

थांबा मागणारी ओळ आवाज पूर्ण बंद पडतो त्यांच्यासाठी. ती म्हटल्यावर सभा निवांत होते आणि पाण्याचा घोट घ्यायला, श्वास सावकाश सोडायला वेळ मिळतो. गिळल्याने घसाही थोडा सैल होतो. ओळ 'म'ने सुरू झाली तर उत्तम, कारण ओठ मिटून आधी हलकासा हुंकार काढता येतो आणि आवाज त्यावर टेकतो. 'आता मी थोडं थांबते' अशी स्वराने सुरू होणारी ओळ आवळलेल्या घशातून झटक्याने बाहेर पडते आणि तिथेच फाटू शकते. या ओळीची अडचण अशी की ती एकदा-दोनदाच चालते. तिसऱ्यांदा 'मला एक मिनिट द्या' म्हणालात तर भाषण थांब्यांचंच होऊन बसतं.

पुढे नेणारी ओळ आवाज नुसता डळमळतो त्यांच्यासाठी. श्रोत्यांना कळतही नाही की ही सुटकेची वाट होती. ती कोरडी हवी: गाव, नोकरी, सवय, कुठलीही साधी माहिती. तिच्यात गेलेल्या माणसाला 'तुम्ही' म्हणून हाक मारायची नाही, आणि शेवटच्या दिवसांचा उल्लेखही नको. तोटा एवढाच की ती आधीच त्या-त्या जागी लिहून ठेवावी लागते. आयत्या वेळी सुचत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलीच्या भाषणात वाक्य आहे: 'रात्री दार लावण्याआधी बाबा मला हाक मारायचे.' उभं राहून, पूर्ण आवाजात सराव करताना ती दर वेळी 'हाक'पाशी अडते. कागदावर तिथे तिने पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बाबा वेळेचे फार पक्के.' अडली की ती वाक्य अर्ध्यावर सोडते, श्वास सोडते आणि ही ओळ म्हणते. तिथून थेट पुढच्या परिच्छेदावर जाते. तुटलेलं वाक्य पहिल्यापासून वाचायचा मोह फार होतो, पण आवाज बहुधा त्याच शब्दाला पुन्हा अडतो. 'दार लावण्याआधी बाबा मला…' एवढ्यावरच सभेला सगळं कळलेलं असतं.

माझं मत विचाराल तर सरावात अडणाऱ्या प्रत्येक जागेसाठी पुढे नेणारी ओळ लिहावी. थांबा मागणारी मात्र एकच ठेवावी, प्रत्येक पानाच्या डोक्यावर. आणि तिच्या शेजारी परत सुरू व्हायचं वाक्यही लिहावं. लोक हेच विसरतात: मिनिट मागतात, मिळतं, आणि कुठून उचलायचं ते कळत नाही.

सरावात तुमचा आवाज एकाच ठिकाणी नाही तर पानभर अडत असेल, तर या दोन्ही ओळी अपुऱ्या पडतील. तेव्हा तिसरा पर्याय बरा: 'माझा भाऊ पुढे वाचेल.' भावाच्या हातात भाषणाची दुसरी प्रत आधीच असावी, त्याच रेघांसकट. तो पहिल्या रांगेत कडेला बसलेला असावा, म्हणजे माणसं ओलांडून यावं लागणार नाही. तेवढीही ओळ निघाली नाही तर कागद खाली ठेवणं हीच खूण, असं दोघांनी आदल्या दिवशीच ठरवून घ्यावं.