सेफ्टीचा डिप्लोमा घेण्याआधी हे वाचा

मी खेडचा, बी.एस्सी. केमिस्ट्री. निकालानंतर चिपळूणला एका क्लासचा फ्लेक्स दिसला: 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, सहा महिने, लोटे-महाडला सेफ्टी ऑफिसर.' फी 48 हजार. बाबांनी सोसायटीतून कर्ज काढलं.

ऑफिसात भिंतभर आयएसओ 9001 चं सर्टिफिकेट लावलेलं होतं. सरकारमान्य आहे का, असं विचारल्यावर मॅडमनी त्याच्याकडेच बोट दाखवलं. आयएसओ म्हणजे संस्थेचा कारभार ठरलेल्या पद्धतीने चालतो एवढंच, डिप्लोमाच्या मान्यतेशी त्याचा काही संबंध नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! प्रॅक्टिकल एकच दिवस झालं. तीस मुलांत आग विझवायचा एक सिलिंडर. एकाने पिन काढून पावडर मारली, बाकीच्यांनी तो रिकामा सिलिंडर हातात धरून फोटो काढले.

लोट्याच्या एका केमिकल कंपनीत मुलाखत झाली. एचआरच्या साहेबांनी सर्टिफिकेट उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "यावर शिक्का फक्त क्लासचाच आहे. अ‍ॅडिस केलंय का?"

अ‍ॅडिस म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी. एमएसबीटीई, म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ, त्याची परीक्षा घेतं. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतही असा कोर्स चालतो. महाराष्ट्राच्या 1982 च्या नियमांत सेफ्टी ऑफिसरसाठी सरकारमान्य सेफ्टी डिप्लोमा हवा. तेवढ्यावरही भागत नाही. इंजिनिअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा, नाहीतर फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी हवी, वर कारखान्यात सुपरवायझर म्हणून काही वर्षं काढलेली हवीत. म्हणजे मी खरं अ‍ॅडिस केलं असतं, तरी कोऱ्या अनुभवावर ती खुर्ची मिळाली नसती. क्लासने हे सांगितलं नाही, कारण मग फी कोण भरणार?

क्लासच्या 'प्लेसमेंट सहाय्या'तून शेवटी एका ठेकेदाराकडे फायर वॉचरचं काम मिळालं. वेल्डिंग चालू असताना बाजूला सिलिंडर घेऊन उभं राहायचं. माझ्या शेजारी दहावी नापास मुलगा त्याच पगारावर उभा होता.

दोन महिन्यांत ते सोडलं आणि त्याच साहेबांच्या सल्ल्याने प्रॉडक्शनला ट्रेनी केमिस्ट म्हणून लागलो. डिप्लोमा त्यांनी फाईलला लावूनही घेतला नाही, पदवीवर घेतलं. ते म्हणाले, "आधी शिफ्ट सांभाळायला शीक. अ‍ॅडिस नंतर कर, तेव्हा त्याला वजन येईल." माझ्या चुलतभावाला, तो बारावी झालाय, त्यांनी आयटीआयचा एओसीपी, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, हा ट्रेड सुचवला. दोन वर्षं लागतात, पण प्लांटवर ऑपरेटर घेताना तोच कागद मागतात.

कुठल्याही क्लासला पैसे देण्याआधी दोन गोष्टी करा. मार्कशीटवर कोणाची सही-शिक्का येतो ते जुन्या मुलाच्या कागदावर बघा, आणि एमएसबीटीईचं नाव सांगत असतील तर संस्थेचा कोड मागून मंडळाच्या साइटवर ताडून पाहा. मग ज्या कंपनीत जायचंय तिथल्या एखाद्या सेफ्टी ऑफिसरला गाठून विचारा, की दादा, तुमचा कोर्स कोणता आणि आधी किती वर्षं प्लांटवर होता. मला एका चहात कळलं असतं.

मागच्या महिन्यात त्या क्लासमधून फोन आला. "तुम्ही लोट्यात लागलात ना? नवीन फ्लेक्ससाठी हेल्मेट घातलेला एक फोटो पाठवा."