थंड नोंदी स्वस्त थरात ठेवून नऊ महिने: ऑडिटला काय उपयोगी पडलं, काय अडलं

रत्नागिरीतला मासळी गोठवणारा मध्यम आकाराचा कारखाना. शीतगृहात ४० तापमान सेन्सर, प्रत्येकाची मिनिटाला एक नोंद, म्हणजे दिवसाला ५७,६०० ओळी. शिवाय प्रत्येक पेटीच्या लेबलचा फोटो. परदेशी खरेदीदाराचा ऑडिटर तीन वर्षांपूर्वीच्या लॉटचं तापमान विचारतो आणि उत्तर त्याच बैठकीत हवं असतं. या कामासाठी अॅमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवणीचा मुंबई विभाग आणि तिथल्या फायलींना एसक्यूएलमधून प्रश्न विचारायला अथेना, अशी जोडी नऊ महिने वापरून झाली.

सगळ्यात आधी फायली जोडून घ्याव्या लागतात. गेटवे दर ५ मिनिटांनी प्रत्येक सेन्सरची एक जेसन फाइल टाकतो. जेमतेम १ केबीची फाइल, पण महिन्याला अशा ३,४५,६०० होतात. ठरावीक दिवसांनी फायली आपोआप स्वस्त थरात हलवणारा लाइफसायकल नियम १२८ केबीहून लहान फाइल मुळात हलवतच नाही, त्यामुळे नियम लावूनही सगळं महाग स्टँडर्ड थरातच पडून राहतं. हट्टाने हलवायला लावलं तर दर फाइलमागे हलवण्याचं शुल्क पडतं आणि ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हल या लगेच वाचता येणाऱ्या स्वस्त थरात १ केबीच्या फाइललाही १२८ केबीचं भाडं लागतं. म्हणून महिना संपला की सगळ्या नोंदी सेन्सर आणि वेळेनुसार लावून पार्के या आटोपशीर स्वरूपात एकच फाइल करायची, ओळी मोजून खात्री झाली की मगच जेसन पुसायच्या. हे हलवण्याच्या आधीच उरकावं. इन्स्टंट रिट्रीव्हलमध्ये किमान ९० दिवसांचं भाडं ठरलेलं असतं. तिथे गेल्यावर फाइल पुन्हा लिहिली तर जुन्या प्रतीचे उरलेले दिवसही भरावे लागतात. इथे १८० दिवसांनी हलवणं बरं पडलं, कारण तोवर दुरुस्त्या थांबलेल्या असतात.

तापमानाच्या नोंदी इन्स्टंट रिट्रीव्हलमध्ये असल्या तरी अथेना त्या नेहमीसारख्याच वाचतं, फक्त वाचनाचा दर जास्त. या आकाराच्या डेटाला तो जाणवत नाही. खरी बचत फोटोंची. ते डीप आर्काइव्ह या सगळ्यात स्वस्त थरात जातात, जिथली फाइल परत मागवल्याशिवाय वाचता येत नाही, आणि कुठल्या लॉटचा फोटो कुठल्या नावाने ठेवलाय याची यादी वाचता येणाऱ्या थरात राहते. ऑडिटचं पत्र आलं की यादीतून नावं काढून फोटो परत मागवायचे: स्टँडर्ड पद्धतीने १२ तासांत, बल्कने ४८ तासांत. पत्र आणि भेट यांत दोन दिवस मिळत असतील तर बल्कच घ्यावं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. डीप आर्काइव्हमधली फाइल परत मागवलेली नसेल तर अथेना चूक दाखवत नाही, ती फाइल गाळून पुढे जातं. क्वेरी हिरवी होते, फक्त ओळी कमी येतात. इथे फोटोंचा लाइफसायकल नियम लावताना तो फक्त फोटोंपुरता ठेवणारा प्रीफिक्स, म्हणजे फायलींच्या नावाची सुरुवात, घालायचा राहिला आणि नियम सगळ्या फायली असलेल्या पूर्ण बकेटला लागला. वर्षापेक्षा जुन्या तापमानाच्या फायलीही खाली डीप आर्काइव्हमध्ये गेल्या. जून-जुलैला विचारलं तर शून्य ओळी. ते पटण्यासारखंही वाटलं, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. पण बंदीत नवीन माल येत नसला तरी आधीचा साठा उणे १८ अंशांवर ठेवावाच लागतो, सेन्सर चालूच असतात. अशी पोकळी ऑडिटरच्या लक्षात आली तर तो नोंदी पुसल्याचा संशय घेईल, आणि ते योग्यच.

उपाय साधा आहे. महिन्याची पार्के फाइल बनतानाच त्यातल्या ओळींची संख्या वेगळ्या छोट्या टेबलात लिहायची आणि ते टेबल कधीच हलवायचं नाही. ऑडिटला आकडा देण्याआधी ही तपासणी:

```sql
SELECT m.mahina, m.oli, count(t.vel) AS milalya
FROM moj m LEFT JOIN tapman t
  ON t.mahina = m.mahina
 AND t.mahina BETWEEN '2022-06' AND '2022-08'
WHERE m.mahina BETWEEN '2022-06' AND '2022-08'
GROUP BY m.mahina, m.oli;
```

जून २०२२ साठी `oli` १७,२८,००० आणि `milalya` ० आलं की डेटा खालच्या थरात आहे हे लगेच कळतं. फायली परत मागवल्यावरही अथेनाला त्या आपोआप दिसत नाहीत. टेबलाला `read_restored_glacier_objects` ही प्रॉपर्टी `true` करावी लागते. नंतर त्या फायलींची प्रत इन्स्टंट रिट्रीव्हलमध्ये करून ठेवली. डीप आर्काइव्हची किमान मुदत १८० दिवसांची, तेवढं भाडं मात्र गेलंच.

आणखी एक. खाऱ्या हवेने सेन्सर गंजतात, बदलतात, आणि नव्याला जुनाच क्रमांक दिला जातो. कुठला सेन्सर कुठल्या खोलीत कधीपासून कधीपर्यंत होता आणि त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं, ही यादी तारखांसह ठेवली नसेल तर नोंदी मिळूनही त्या कोणत्या खोलीच्या हे सिद्ध करता येत नाही. ती काही केबींची फाइल आहे. ती स्टँडर्ड थरातच राहू द्यावी.