फोनची स्क्रीन बदलताना: चार बिंदूंचा ट्रॅकर की मोका?

आफ्टर इफेक्ट्समध्ये फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्क्रीनवर नवे दृश्य बसवायचे असेल, तर त्याच एका सॉफ्टवेअरमध्ये दोन मार्ग उपलब्ध असतात. पहिला ट्रॅकर पॅनेलमधला `Perspective Corner Pin`, ज्यात स्क्रीनच्या चार कोपऱ्यांवर चार बिंदू ठेवून प्रत्येकाचा स्वतंत्र माग काढला जातो. दुसरा आफ्टर इफेक्ट्ससोबतच मिळणारा मोका एई, जो बिंदूंऐवजी संपूर्ण सपाट पृष्ठभागाचा माग काढतो आणि शेवटी त्यावरून चार कोपऱ्यांची स्थाने देतो. दोन्हींचे फलित सारखेच दिसते, म्हणजे चार कोपऱ्यांच्या कीफ्रेम्स. परंतु त्या कीफ्रेम्स कशाच्या आधारावर तयार झाल्या, यात मोठा फरक आहे. मी बरीच वर्षे पहिला मार्ग वापरला आणि आता बहुतेक वेळा दुसरा वापरतो. हा बदल कशामुळे झाला ते एका कामाच्या आधारे सांगतो.

काम ठाण्यातलेच होते. फराळाचे पदार्थ घरपोच देणाऱ्या एका छोट्या व्यवसायाच्या अ‍ॅपसाठी आम्ही संध्याकाळी तलावपाळीवर चित्रण केले. कठड्यावर बसलेल्या बाईंच्या हातात फोन आहे, कॅमेरा हातात धरून हळूहळू जवळ जातो, आणि त्या अंगठ्याने स्क्रीन वर सरकवतात, असे सहा सेकंदांचे दृश्य होते. चित्रण ३८४०×२१६० मध्ये, सेकंदाला २५ फ्रेम्सने, म्हणजे एकूण १५० फ्रेम्स. या अवधीत फोन साधारण वीस अंशांनी कलतो, कॅमेरा जवळ आल्यामुळे तो सुमारे दीडपट मोठा दिसू लागतो, आणि साठाव्या फ्रेमपासून पंचाण्णवाव्या फ्रेमपर्यंत अंगठा खालच्या उजव्या कोपऱ्यावरून जातो. फोन बंदच ठेवला होता, कारण काचेवर पडणारी आकाशाची आणि दिव्यांची प्रतिबिंबे मला नंतर नव्या स्क्रीनवर परत हवी होती.

पहिल्यांदा मी सवयीप्रमाणे चार बिंदूंचाच मार्ग धरला, आणि तिथेच ती अडचण समोर आली जिच्यामुळे माझे मत बदलले. अंगठ्याची अडचण अपेक्षित होतीच; खरी अडचण अशी होती की आजच्या फोनच्या स्क्रीनला कोपराच नसतो. जिथे कोपरा असायला हवा तिथे वक्र असतो. कॉर्नर पिनला मात्र चौकोनाचे टोक लागते, म्हणजे दोन्ही कडा सरळ पुढे वाढवल्या तर जिथे मिळतील ते काल्पनिक ठिकाण, आणि त्या ठिकाणी चित्रात काहीही नसते. ट्रॅकरला माग काढण्यासाठी काहीतरी ठळक खूण हवी असते, म्हणून आपण त्याची चौकट वक्रावर ठेवतो आणि `Attach Point` तेवढा बाहेर सरकवून काल्पनिक टोकावर नेऊन ठेवतो. पहिल्या फ्रेमवर हे अगदी नेमके बसते, आणि त्यामुळेच माणूस फसतो.

कारण बिंदूचा ट्रॅकर इथे फक्त स्थान मोजतो. वक्रापासून टोकापर्यंतचे अंतर आणि दिशा तो पहिल्या फ्रेमवर जशी दिली तशीच शेवटपर्यंत ठेवतो. फोन कलला तरी ते अंतर त्याच्यासोबत कलत नाही, आणि फोन मोठा झाला तरी ते वाढत नाही. माझ्या दृश्यात वक्राची त्रिज्या सुरुवातीला सुमारे ३० पिक्सेल होती. अशा वक्राच्या मध्यापासून काल्पनिक टोक त्रिज्येच्या साधारण ०.४१ पट, म्हणजे सुमारे १२ पिक्सेल बाहेर असते. फोन वीस अंश कलला की त्या बारा पिक्सेलांची दिशा चुकते आणि टोक चार-एक पिक्सेलांनी बाजूला पडते. फोन दीडपट झाला की ते अंतर १८ पिक्सेल व्हायला हवे, पण ते १२ वरच थांबलेले असते. चारही कोपऱ्यांवर ही चूक होते, आणि प्रत्येक कोपऱ्याची दिशा वेगळी असल्यामुळे नवे चित्र एकीकडे आत ओढले जाते आणि दुसरीकडे बाहेर डोकावते. चार-सहा पिक्सेल ऐकायला थोडे वाटतात, पण फोनच्या काचेभोवतीची काळी पट्टीच मुळात त्यापेक्षा फार रुंद नसते, म्हणून चूक लगेच डोळ्यांना खुपते.

यावर एक उपाय आहे, आणि तो मी केलाही: दर दहा-बारा फ्रेम्सनंतर थांबून चारही टोके हाताने जागेवर आणायची. परंतु अशा प्रत्येक दुरुस्तीच्या ठिकाणी चित्राला एक सूक्ष्म धक्का बसतो. शिवाय चार बिंदूंचा एकमेकांशी काहीच संबंध नसल्याने प्रत्येक कोपरा आपापल्या परीने थरथरतो, आणि अ‍ॅपच्या सरळ रेषा पाण्याखालून पाहिल्यासारख्या हलतात. अंगठा खालच्या उजव्या कोपऱ्यावर आला तेव्हा तर तो बिंदू अंगठ्याच्या नखाबरोबरच निघून गेला. त्या एका दृश्यावर माझी जवळपास पूर्ण संध्याकाळ गेली आणि तरीही ते दाखवण्यासारखे झाले नाही.

मोकात मी तेच दृश्य दुसऱ्या दिवशी केले. इथे वक्राचा प्रश्न मुळातूनच निघून जातो, कारण माग कशाचा काढायचा आणि टोके कुठे ठेवायची या दोन गोष्टी वेगळ्या असतात. फोनच्या बाह्य कडेभोवती एक आकार काढायचा, `Perspective` चालू ठेवायचा आणि माग काढून घ्यायचा. त्यानंतर `Surface` नावाचा निळा चौकोन दाखवून त्याची चार टोके, कडा वाढवल्यावर जिथे मिळतील तिथे, एकाच फ्रेमवर बसवायची. पृष्ठभाग कसा कलला आणि किती जवळ आला हे मोकाने आधीच काढलेले असल्यामुळे ती टोके पुढच्या सर्व फ्रेम्समध्ये त्याच पृष्ठभागाबरोबर फिरतात. जे बारा पिक्सेल मला छळत होते, ते आता आपोआप फिरत होते आणि वाढतही होते.

मात्र मोकाला वाटेल तसे वापरून चालत नाही. माझा पहिला प्रयत्न तिथेही बिघडला, कारण मी पूर्ण काच आकारात घेतली होती. बंद काचेवरची प्रतिबिंबे फोनबरोबर हलत नाहीत, ती आपल्याच गतीने सरकतात. मोकाने त्यांनाच पृष्ठभागाची खूण समजून माग काढला आणि चौकोन हळूहळू वर घसरला. मग त्याच लेअरमध्ये काचेच्या आत दुसरा आकार काढून मधला भाग वगळला, जेणेकरून फक्त फोनची चौकट आणि काळी पट्टी मोजली जाईल. बोटांसाठी आणि अंगठ्यासाठी वेगळी लेअर काढून ती यादीत सर्वांत वर ठेवली. वरच्या लेअरने झाकलेला भाग मोका खालच्या लेअरचा माग काढताना धरत नाही. हा आकार सैल असला तरी चालतो. अंतिम दृश्यात अंगठा नव्या स्क्रीनच्या वर दिसण्यासाठी जो मास्क लागतो तो मात्र काटेकोरच असावा लागतो, म्हणून तो स्वतंत्रपणे करावा. हे काम दोन्ही मार्गांत सारखेच आहे आणि त्यात कोणताही मार्ग वेळ वाचवत नाही.

मोकाची एक खोड मला आजही आवडत नाही. अ‍ॅपचे रेकॉर्डिंग १०८०×२४०० होते. मोकाचा कॉर्नर पिन थेट त्या लेअरवर दिला, तेव्हा ते फोनपासून दूर भलत्याच ठिकाणी जाऊन बसले. मोकाची टोके चित्रणाच्या आकारमानावर मोजलेली असतात, तर कॉर्नर पिन ती लेअरच्या आकारमानावर वाचतो. म्हणून रेकॉर्डिंग आधी ३८४०×२१६० च्या प्रीकॉम्पमध्ये टाकावे लागते आणि चारही बाजूंना भिडेपर्यंत ताणावे लागते. तिथे ते बेढब रुंद दिसते, परंतु कॉर्नर पिन ते पुन्हा फोनच्या प्रमाणात आणतो. हे कळेपर्यंत नवखा माणूस ट्रॅकलाच दोष देत बसतो. निर्यात करताना `After Effects Corner Pin [supports motion blur]` हाच पर्याय घ्यावा, असेही मी सुचवीन, कारण लेअरचा मोशन ब्लर तिच्या स्थान, आकार आणि कोनातल्या हालचालीवरून ठरतो, आणि या पर्यायात त्या हालचालीच्याही कीफ्रेम्स मिळतात. ब्लर नसलेली स्क्रीन हलत्या हातात चिकटवल्यासारखी दिसते.

वाशीला राहणारे माझे एक सहकारी अजूनही चार बिंदूंचाच मार्ग वापरतात, आणि त्यांच्या कामासाठी ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. ते प्रामुख्याने कार्यालयांतली दृश्ये करतात: टेबलावर स्थिर लॅपटॉप, कॅमेरा तिवईवर किंवा रुळावर, स्क्रीनला टोकदार कोपरे, आणि कोपऱ्यांवर हात येण्याची शक्यताच नाही. अशा ठिकाणी `Attach Point` सरकवावाच लागत नाही, त्यामुळे वर सांगितलेली चूक उद्भवत नाही. मोकाची दुसरी खिडकी उघडून आकार काढेपर्यंत त्यांचे काम संपलेले असते. एखादा कोपरा चौकटीबाहेर गेला किंवा कॅमेरा वेगाने फिरून चित्र अस्पष्ट झाले की मात्र त्यांचाही बिंदू सुटतो, हे त्यांना मान्य आहे.

निवड करण्यापूर्वी आपले दृश्य एकदा तपासून पाहावे. अ‍ॅपऐवजी आधी एक साधी चौकटींची जाळी बसवा आणि दृश्य दुप्पट मोठे करून पाहा. जाळीच्या आतल्या रेषा तिरक्या होत किंवा थरथरत असतील, तर एखादा कोपरा स्वतंत्रपणे हलतो आहे. रेषा स्थिर राहूनही जाळी आणि काळी पट्टी यांमधले अंतर बदलत असेल, तर संपूर्ण माग घसरतो आहे. पहिला दोष मला चार बिंदूंच्या कामात सतत दिसला आणि तो हाताने काढणे फार कंटाळवाणे असते. दुसरा दोष मोकात दिसतो. तो बहुधा प्रतिबिंब किंवा बोट आकारात शिरल्यामुळे येतो, आणि आकार सुधारून पुन्हा माग काढला की बऱ्याच वेळा जातो. तलावपाळीच्या दृश्यात तो दोनदा आला. दोन्ही वेळा आकार सुधारून, अंगठ्याचा मास्क सोडता, पाऊण तासात काम झाले.